पंपवाल्या काकांचा खुलासा

दुभाषीबाईंचा एक नियम होता आणि तो त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. गिऱ्हाइकाच्या भानगडीत पडायचं नाही. कागद घ्यायचा, या भाषेतून त्या भाषेत न्यायचा, शिक्का मारायचा, परत द्यायचा. कोण बरोबर आणि कोण चूक, हे बघायला वकील आहेत, न्यायाधीश आहेत, झालंच तर शेजारीपाजारी आहेत. सत्तावीस वर्षं झेरॉक्सच्या दुकानावरच्या त्या एवढ्याशा खोलीत बसून बाईंनी जन्मदाखले केले, घटस्फोट केले, मृत्युपत्रं केली, आणि एकाही कागदापायी त्यांची झोप उडाली नाही. तसं त्या छातीठोकपणे सांगायच्या.

त्या दिवशी दुपारी जिना चढून दोघं आली. पुढे सून, मागे सासरे. सून शिवणकामाची, गळ्यात टेप तशीच लटकत होती, म्हणजे मशीन सोडून थेट आलेली. सासरे अठ्ठावन्नचे, वाळलेले, हातात प्लास्टिकची पिशवी. शहराला पाणी पुरवणाऱ्या कंपनीच्या शुद्धीकरण केंद्रात बावीस वर्षं ऑपरेटर. त्यांना सगळी वस्ती पंपवाले काका म्हणायची. दुभाषीबाई त्यांच्यापेक्षा चारच वर्षांनी लहान, तरी त्यांच्याही तोंडून पहिल्या वाक्याला काकाच निघालं.

"ताई, हे वाचून द्या," सून म्हणाली. "बाबांना यातलं एक अक्षर कळत नाही. मला थोडं कळतं, आणि जे कळतं ते काही चांगलं नाही."

पिशवीतून सहा पानं निघाली. वरचं एक पान नोटीस, खालची पाच चौकशीची कार्यपद्धती. सगळं ऑफिसच्या भाषेत, मराठीचा एक शब्द नाही, बारीक टायपात. बाईंनी चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे सरळ अनुवाद बोलायला सुरुवात केली.

"आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, गेल्या महिन्याच्या बारा तारखेस रात्रपाळीत आपण परवानगीविना कामाच्या ठिकाणाहून अनुपस्थित राहिलात व सदर कालावधीतील क्लोरीनच्या नोंदी प्रत्यक्ष मोजणी न करता नोंदवहीत खोट्या दाखल केल्यात. सबब आपणांवर शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याची कारणे..."

"बाई," काका मध्येच म्हणाले, "मला काढलं का, तेवढं सांगा."

"नाही हो काका, काढलं नाही."

"मग एवढं लांबलचक का बोलतायत?"

सुनेला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. दुभाषीबाईंना मात्र थोडी चपराकच बसली. सत्तावीस वर्षांत त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं. त्यांनी पान खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली, आणि म्हणाल्या, "बरं, परत ऐका. ते म्हणतात, बारा तारखेच्या रात्री तुम्ही काम सोडून बाहेर गेलात, आणि पाण्यातलं औषध न मोजताच वहीत आकडे लिहिलेत. ते विचारतात, यावर तुमचं काय म्हणणं आहे? म्हणजे अजून काही ठरलेलं नाही. आधी तुम्हाला विचारतायत."

नोकरी जाण्याची भीती काकांनी घरून येतानाच पचवली असावी, पण दुसरा आरोप त्यांना आत्ता कळला.

"आकडे खोटे?" ते म्हणाले. "मी?"

"असं ते म्हणतात."

"बाई, ते पाणी लोक पितात हो."

सुनेनंच मग सांगितलं. दोन वर्षांनी निवृत्ती. असा डाग लागून काढलं तर बावीस वर्षं पाण्यात जातील, आणि बाबा घरात कुणाला तोंड दाखवणार नाहीत. दूधवाल्यालासुद्धा. बाबा तसेच आहेत, स्वतःच्या घरात नळाखाली पहिला पेला धरतात, वास घेतात, मगच सगळ्यांना पिऊ देतात.

बाईंचा नियम इथेच डळमळला असं म्हणता येईल, पण त्यांनी ते स्वतःला कबूल केलं नाही. त्या पुढचं वाचत गेल्या. "खुलासा लेखी द्यायचा, नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत. नाही दिलात, तर तुम्हाला काही सांगायचं नाही असं धरून ते पुढे जातील. नोटीस कधी मिळाली?"

"चार तारखेला. पहाटे साडेपाचला, पाळी संपत आली होती तेव्हा सुपरवायझरनं दिली."

"आज नऊ. म्हणजे अकरापर्यंत आहे." बाईंनी नोटीस उलटली. मागे पोहोच होती, काकांची सही, आणि सहीखाली त्यांच्याच वळणदार आकड्यांत तारीख. तीन.

"काका, हे तीन का लिहिलंत?"

"मग काय लिहू? तीनचाच दिवस चालू होता ना."

"अहो, पहाटे साडेपाच म्हणजे चार तारीख!"

"तुमच्याकडे," काका शांतपणे म्हणाले. "आमच्या पंपघरात दिवस सकाळी सहाला सुरू होतो. सहाच्या पाळीनं पान उलटलं की नवी तारीख. तोवर जुनीच. बावीस वर्षं तसंच लिहितो मी, घरी किराण्याची यादी केली तरी."

सून कपाळावर हात मारून हसली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या ताडकन उठल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ गेल्या. "कागद तीन म्हणतो. ऑफिस तीनपासून सात मोजणार. उद्या दहा, म्हणजे उद्या शेवटचा दिवस. परवा गेला असतात तर दारातून परत पाठवलं असतं. खरं काय ते नंतर भांडता आलं असतं, पण उद्याच दिलेलं बरं."

सुनेचं हसू जागच्या जागी विरलं.

मग त्या तिघांनी ती पाच पानं वाचली. खरं म्हणजे बाईंनी वाचली, आणि काकांनी ऐकली. काय ऐकायचे ते! डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून, एखाद्या पंपाचा आवाज ऐकावा तसे. प्रत्येक वाक्यानंतर हात वर करायचे, म्हणजे थांबा. मग ते वाक्य स्वतःच्या शब्दांत परत म्हणायचे, बरोबर आहे का विचारायचे, आणि एक बोट मिटायचे.

"मुदत पुरत नसेल तर मुदत संपायच्या आधी लेखी मागता येते," बाई म्हणाल्या.

"म्हणजे वेळ मागणं गुन्हा नाही. पुढे."

"ज्या कागदांवर त्यांची भिस्त आहे, ते कागद तुम्हाला बघता येतात. लेखी मागायचे."

काकांचा हात वर गेला. बराच वेळ तो वरच राहिला.

"त्यांचे कागद? मला बघायला?"

"हो. इथे लिहिलंय. त्यांना दाखवावेच लागतील."

"आणखी एकदा वाचा."

बाईंनी वाचलं. मग पुढचंही वाचलं. सोबत कंपनीतलाच एखादा सहकारी मदतनीस म्हणून घेता येतो. त्यांचे साक्षीदार तुमच्यासमोर बोलतील, आणि ते बोलून झाले की तुम्हाला त्यांना प्रश्न विचारता येतात, त्याला उलटतपासणी म्हणतात. तुम्ही तुमचे साक्षीदार आणू शकता. जे चाललंय ते तुम्हाला कळत नसेल तर दुभाषा मागता येतो. रोजच्या कामकाजाची प्रत मिळते, आणि वाचून कळल्याशिवाय सही करायची नाही. न सांगता गैरहजर राहिलात तर मात्र तुमच्या माघारी चौकशी उरकतात. शेवटी अहवाल येतो, तो आधी तुम्हाला दाखवतात, तुमचं म्हणणं ऐकतात, मगच शिक्षेचं ठरतं. आणि त्यावरही अपील आहे.

काकांची दोन्ही हातांची बोटं संपली. ते आपल्या हातांकडे बघत राहिले.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "हे सगळं मला मिळतं? साध्या ऑपरेटरला?"

"सगळ्यांना मिळतं."

"कुणी लिहिलं हो हे? आधी कुणाला तरी असाच त्रास झाला असेल ना, त्याशिवाय एवढं कोण लिहील?"

दुभाषीबाईंनी हीच पाच पानं, शब्द थोडे इकडेतिकडे, आजवर चाळीसेक वेळा अनुवादित केली होती. प्रत्येक वेळी पानाचा दर लावला होता. हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. आता त्या उगाचच स्टेपलर शोधत बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत अर्ज ऑफिसात पोहोचला. त्यात तीनच गोष्टी होत्या. आरोप मान्य नाहीत, त्या तारखेच्या पाळीत मी जागा सोडलेली नाही. सविस्तर खुलाशासाठी आणखी सात दिवस द्यावेत. आणि तुमचे कागद मला बघू द्यावेत. काकांनी मराठीत सांगितलं, बाईंनी ऑफिसच्या भाषेत उतरवलं, सुनेनं नेऊन दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊनच परतली. कारकून म्हणाला होता शिक्क्याची गरज नाही. ती म्हणाली मी बसते इथे, माझं मशीन बंदच आहे.

कागद बघायला काका गेले ते मदतनिसाला घेऊन. हा चष्मेवाला, त्यांच्यासोबतचा दुसरा ऑपरेटर. बाईंना तिथे बोलावलं नव्हतं. दोघं तासभर बसले, आकडे एका वहीत उतरवून घेतले, आणि घरी गेले. मुदतीत खुलासाही गेला, पण त्यातही काकांनी आरोप मान्य नाहीत यापलीकडे काही लिहवलं नाही. कंपनीचं समाधान झालं नाही. आरोपपत्र आलं, काकांना चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका सांगितलं, आणि सुनावणीची तारीख ठरली.

काकांनी दुभाषी मागितली होती, आणि कंपनीला हरकत नव्हती, म्हणून त्या दिवशी सकाळी दहा वाजता दुभाषीबाई केंद्राच्या मीटिंगच्या खोलीत जाऊन बसल्या. लांब टेबल. एका टोकाला चौकशी अधिकारी, बाहेरून नेमलेले वकील, पांढऱ्या मिशा, बोलणं कमी. एका बाजूला कंपनीतर्फे बाजू मांडणारे मुख्य ऑफिसातले साहेब, समोर काका आणि चष्मेवाला. खिडकीतून मोठमोठ्या टाक्या दिसत होत्या, त्यांवरून पाणी सावकाश सांडत होतं.

"तुम्ही फक्त भाषांतर करायचं," चौकशी अधिकारी बाईंना म्हणाले. "जे बोललं जाईल तेच. कमी नाही, जास्त नाही. सल्ला द्यायचा नाही, खूण करायची नाही."

बाईंनी तशी शपथ घेतली. शपथ घेताना त्यांना काही वाटलं नाही, ती नेहमीचीच होती. वाटायला लागलं ते अर्ध्या तासानं.

साहेबांनी दोन कागद पुढे ठेवले. एक गेटच्या वहीतलं पान. त्यात लिहिलं होतं, तारीख बारा, रात्री एक चाळीस, पंपवाले ऑपरेटर बाहेर. परत आत, तीन पन्नास. दुसरं पंपघराच्या नोंदवहीतलं पान. माथ्यावर तारीख बारा, आणि रात्री दोनच्या आणि तीनच्या रकान्यांत काकांच्या हाताचे आकडे, काकांची सही.

"माणूस गेटबाहेर आहे," साहेब म्हणाले, "आणि त्याच वेळी त्याच्या अक्षरात मोजणी आहे. आणखी काय सिद्ध करायचं?"

बाईंनी ते मराठीत सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेटच्या वहीतली बारा आणि पंपघरातली बारा या एकच नाहीत! गेटवाल्यांचा दिवस मध्यरात्री बदलतो. पंपघराचा सकाळी सहाला. पंपघराच्या बारा तारखेच्या पानावरचे रात्रीचे दोन म्हणजे जगाच्या तेरा तारखेचे दोन. दोन निरनिराळ्या रात्री! मुख्य ऑफिसात बसून हे कुणाला कळणार होतं?

बाईंना कळलं होतं, आणि त्यांना बोलायची परवानगी नव्हती. खूणही नाही. त्यांनी काकांकडे बघायचंसुद्धा टाळलं, न जाणो चेहरा काही बोलून गेला तर. सत्तावीस वर्षांच्या त्या नियमाचा त्यांना इतका राग कधीच आला नव्हता. आणि काका? काका निवांत. डोळे मिटलेले, मान तिरकी.

साक्षीला गेटवरचा पहारेकरी आला. साहेबांनी विचारलं, ही नोंद तुझी का? तो हो म्हणाला. माणूस ओळखलास का? तो हो म्हणाला. रात्री बाहेर गेला का? हो. झालं, साहेब बसले.

"उलटतपासणी करायची आहे का?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं. बाईंनी भाषांतर केलं.

काकांनी डोळे उघडले. उभे राहिले. तशी गरज नव्हती, पण राहिले.

"दादा, तू पानावर तारीख कधी बदलतोस?"

"रात्री बारा वाजले की नवं पान."

"न चुकता?"

"घड्याळ बघून."

"त्या रात्री मी बाहेर जाताना काय सांगून गेलो?"

"घरून फोन आलाय म्हणालात. बायको जिन्यात पडली."

"मी एकटाच होतो का तेव्हा पंपघरात?"

"नाही, तुमच्या जागी हे आले होते आधी." पहारेकऱ्यानं चष्मेवाल्याकडे बोट केलं. "ते आल्यावरच तुम्ही निघालात."

"बरं. आणि त्याच्या पुढच्या रात्री मी बाहेर गेलो?"

पहारेकऱ्यानं पुढचं पान बघितलं. तेरा तारखेच्या त्या पानावर पहाटेपर्यंत काकांचं नाव कुठेच नव्हतं. "नाही गेलात."

"एवढंच," काका म्हणाले आणि बसले.

बाईंनी एक एक शब्द ऑफिसच्या भाषेत नेला. कमी नाही, जास्त नाही. या माणसाला इतके दिवस सगळं माहीत होतं. कागद बघण्याचा जो हक्क त्यानं दोनदा वाचून घेतला होता, तो वापरून त्या एका तासात त्यानं दोन्ही वह्या ताडून बघितल्या होत्या, आणि चुकूनही कुणाला, बाईंनाही, काही बोलला नव्हता. जिथे बोलायचं तिथेच बोलायचं म्हणून जपून ठेवलं होतं.

चौकशी अधिकाऱ्यांच्या मिशा किंचित हलल्या. त्यांनी स्वतःच केंद्राच्या अभियंत्याला बोलावणं धाडलं. अभियंता आला, साक्षीदार म्हणून नोंदला गेला, आणि काकांनी त्याला एकच प्रश्न विचारला. "साहेब, आपल्या नोंदवहीचं पान कधी बदलतं?"

"सहाला. पहिल्या पाळीनं," अभियंता म्हणाला. "सगळ्यांनाच माहीत आहे."

"सगळ्यांना?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं आणि कंपनीच्या साहेबांकडे बघितलं. साहेब आपल्या कागदांत बघत होते.

मग चौकशी अधिकाऱ्यांनी नोंदवहीतलं अकरा तारखेचं पान काढायला लावलं, कारण गेटची ती बाराची रात्र पंपघरात अकराच्या पानावर येत होती. तिथे रात्री दोनच्या आणि तीनच्या रकान्यांत चष्मेवाल्याच्या हाताचे आकडे होते, बाजूला त्याची सही, आणि वर एका ओळीत लिहिलेलं होतं की घरच्या कारणासाठी सुपरवायझरला सांगून काका बाहेर, चार्ज घेतला. खाली सुपरवायझरची सही. हे पान कंपनीनं आणलंच नव्हतं, कारण त्यांच्या मते अकरा तारखेशी काही संबंध नव्हता.

चौकशी अधिकाऱ्यांनी ते पान आधीच्या दोन पानांशेजारी ठेवलं.

"तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का?" चौकशी अधिकाऱ्यांनी काकांना विचारलं. "हे तुमचं शेवटचं निवेदन. नको असेल तर सक्ती नाही."

काकांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले.

"सांगायचंय," ते म्हणाले. "तारखांचं झालं. पण त्यांनी मला खोटं लिहिणारा म्हटलंय, त्याचं सांगायचंय. माझं ते बारा तारखेचं पान बघा. दोनचा आकडा बघा."

चौकशी अधिकाऱ्यांनी बघितलं. एक दशांश.

"ते कमी आहे," काका म्हणाले. "दोन दशांशाच्या खाली जाता कामा नये. त्या रात्री औषधाची नळी तुंबली होती. मी नळी साफ केली, अभियंता साहेबांना फोन केला, डोस वाढवला. तीनला दोन दशांश आहे, चारला तीन. मला खोटंच लिहायचं असतं तर चांगला आकडा लिहिला असता. वाईट आकडा कोण खोटा लिहील? बावीस वर्षांत मी वाईट आकडा लिहायला कधी लाजलो नाही. कारण वाईट आकडा लिहिला तरच कुणीतरी दुरुस्त करतो. ते पाणी माझ्याही घरी येतं."

आता दुभाषीबाईंची पाळी होती.

दुभाषा 'तो म्हणतो' असं म्हणत नाही. जो बोलतो त्याचा 'मी' तो आपल्या तोंडून म्हणतो, तसा दुभाष्यांचा दंडक आहे. सत्तावीस वर्षांत बाईंनी चोरांचा 'मी' म्हटला होता, वारसांचा म्हटला होता, खोटं बोलणाऱ्या कितीतरी जणांचा म्हटला होता, निर्विकारपणे. आज त्यांनी तोंड उघडलं, "मला खोटं लिहायचं असतं तर," असं ऑफिसच्या भाषेत म्हणायला लागल्या, आणि "मी वाईट आकडा लिहायला कधी लाजलो नाही" इथे थांबल्या. घोटभर पाणी प्यायल्या. मग शेवटपर्यंत म्हणाल्या, कमी नाही, जास्त नाही. आपल्या तोंडून एवढं मोठं काही बाहेर पडतंय, याचं त्यांना भारी नवल वाटलं.

अभियंत्यानं फोनचं कबूल केलं. संध्याकाळी कामकाजाचा उतारा तयार झाला, बाईंनी तो काकांना ओळ न ओळ मराठीत वाचून दाखवला, काकांनी दोन ठिकाणी हात वर केला, ते दुरुस्त झालं, मग सही.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. सोबत कंपनीचं पत्र होतं. सून धावतच जिना चढून आली, पण पाकीट फोडलेलं नव्हतं. "बाबा म्हणतात बाईंच्या समोरच उघडायचं," ती म्हणाली. मागोमाग काका. आज पिशवी नव्हती.

बाईंनी पाकीट फोडलं. पत्रातलं पहिलंच वाक्य वाचलं आणि त्यांना हसूच फुटलं. "आपणांस याद्वारे..." असं त्या मुद्दाम म्हणाल्या, आणि काकांचा चेहरा बघून लगेच भानावर आल्या. "काका, दोन्ही आरोप सिद्ध झाले नाहीत. कंपनीनं मान्य केलंय. निलंबन रद्द, मधले दिवस कामाचेच धरले. परवापासून पहिल्या पाळीला या."

सून मटकन खुर्चीत बसली आणि तोंडावर ओढणी धरून हमसाहमशी रडली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि बाईंना म्हणाले, "अहवालही वाचा. सगळा."

सगळा म्हणजे अकरा पानं. काकांनी डोळे मिटले. बाई वाचत गेल्या, गेटचं पान, नोंदवही, पहारेकरी, अभियंता. मग दहाव्या पानावर आल्या. चौकशी अधिकाऱ्यांनी तिथे एक अख्खा परिच्छेद जसाच्या तसा घातला होता. बाईंनी तो ऑफिसच्या भाषेतून परत मराठीत आणला.

"'मला खोटंच लिहायचं असतं तर चांगला आकडा लिहिला असता. वाईट आकडा कोण खोटा लिहील? बावीस वर्षांत मी वाईट आकडा लिहायला कधी लाजलो नाही. कारण वाईट आकडा लिहिला तरच कुणीतरी दुरुस्त करतो. ते पाणी माझ्याही घरी येतं.' आणि पुढे ते लिहितात, या निवेदनावर अविश्वास ठेवण्यासारखं या चौकशीत काहीही आढळलं नाही."

काका डोळे मिटूनच होते. "फार चांगलं बोललाय," ते म्हणाले. "कोण हो हा? अभियंता साहेब का?"

सुनेनं रडणं थांबवलं. बाईंनी कागदावरून मान वर केली. माणूस थट्टा करत नव्हता. खरंच विचारत होता.

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही बोललात हे."

"मी?"

"तुम्हीच. त्या दिवशी. शेवटी."

काकांनी डोळे उघडले. ते बाईंकडे बघत राहिले, मग त्या कागदाकडे. "असं बोललो मी?" ते हळू आवाजात म्हणाले. "तिकडच्या भाषेत गेल्यावर असं झालं असेल."

"नाही काका. मीच नेलं, आणि मीच परत आणलं. एक शब्द वाढवलेला नाही."

काकांनी हात पुढे केला. "कुठे लिहिलंय, दाखवा."

बाईंनी त्या ओळींवर बोट ठेवलं. काकांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि आपलं बोट बाईंच्या बोटाशेजारी टेकवलं. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तरी ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत बोट फिरवत गेले, सावकाश, आणि शेवटाला पोहोचल्यावर परत सुरुवातीला आले. दुभाषीबाईंनी आपलं बोट काढून घेतलं आणि त्यांचं होईपर्यंत थांबून राहिल्या.